मदत हवी आहे: संपादकांना पत्र की आयुक्तांना अर्ज?

कोल्हापुरात दहावीला मराठी शिकवते. सराव परीक्षेत विषय दिला होता: रंकाळ्यातली जलपर्णी, संपादकांना पत्र. बहुतेक पोरांनी 'मा. संपादक' अचूक लिहिलं आणि शेवटी, 'तरी आपण जलपर्णी त्वरित काढावी, ही विनंती!' आता संपादक काय होडी घेऊन तळ्यात उतरणार? पत्र छापून येतं, लोक वाचतात, मग महापालिकेवर दबाव येतो, हा रस्ताच त्यांना दिसत नाही.

एकाला शेवट बदलायला लावला: 'सांडपाणी मिसळते तोवर जलपर्णी वाढणारच. महापालिकेने आधी नाले अडवावेत. या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र प्रसिद्ध करावे.' झकास जमलं. पण पुढच्या विषयाला गाडी परत अर्जावर! हा फरक मुरावा म्हणून तुम्ही वर्गात नेमका कोणता सराव घेता?