मदत हवी आहे: दोन बिट गुणिले दोन बिट मल्टिप्लायर, ३×३ ला ९ ऐवजी ५ येतंय

ब्रेडबोर्डवाली

ब्रेडबोर्डवर 2×2 अरे मल्टिप्लायर लावलाय, दोन 7408 आणि एक 7486. सोळा ओळींचा ट्रुथ टेबल चेक केला, पंधरा ओळी एकदम बरोबर येतात, फक्त ३×३ ला 0101 म्हणजे ५ दिसतं. काल संध्याकाळपासून याच्यातच अडकलेय. पार्शल प्रॉडक्ट मी असे मांडलेत:

```
          A1B0  A0B0
   A1B1   A0B1
----------------------
P3  P2     P1    P0
```

A0B0 सरळ P0 ला दिलंय, मधल्या दोघांना एक हाफ अ‍ॅडर, त्याचा कॅरी आणि A1B1 दुसऱ्या हाफ अ‍ॅडरला. मांडणीच चुकलीये का? पंधरा उत्तरं बरोबर येऊन एकच कसं चुकतं हेच कळत नाहीये.

तारकुसर

कॅरीची वायर लूज असणार. माझंही असंच झालेलं, वायर दाबून बसव, होईल.

जुना_सोल्डर

मांडणी बरोबर आहे, ती बदलू नकोस. आता पंधरा ओळी का बरोबर आल्या ते बघ. पहिल्या हाफ अ‍ॅडरला कॅरी कधी येणार? A1B0 आणि A0B1 दोन्ही १ असले तरच, म्हणजे चारही इनपुट १ पाहिजेत, आणि अशी ओळ सोळात एकच, ३×३. बाकी पंधरा ओळींत कॅरी शून्यच असतो, त्यामुळे कॅरीचा भाग लावलाच नसतास आणि ती लाइन ग्राउंडला जोडली असतीस तरी त्या ओळी बरोबरच दिसल्या असत्या. त्या पंधरांनी कॅरी तपासलाच गेलेला नाही.

या एका ओळीला काय चुकीचं उत्तर येतं त्यावरून बिघाड कुठे ते बरंचसं कळतं. ११ आलं तर पहिल्या अ‍ॅडरमध्ये एक्सॉरच्या जागी ऑर बसलंय. १३ आलं तर P3 पर्यंत कॅरी पोचतोय पण P2 च्या एक्सॉरला मिळत नाहीये. १ आलं तर P2 बरोबर, घोळ P3 च्या गेटमध्ये. तुझं ५ आलंय म्हणजे कॅरी दोन्हीकडे शून्यच जातोय.

आणि तारकुसर, वायर लूज असती तर टीटीएलमध्ये मोकळा इनपुट १ धरला जातो, मग ०×० लाच ४ दिसलं असतं. ते दिसत नाहीये, म्हणजे कॅरी मोकळा नाही, तो शून्याला बांधला गेलाय.

तारकुसर

हां, हे बरोबर. माझी चिप 74HC होती, त्यात मोकळ्या पिनचा काही भरवसा नसतो, कधी ० कधी १.

शून्यपुत्र

मला पण ३×३ ला प्रॉब्लेम आहे पण माझा उलटा. 11 म्हणजे टूज कॉम्प्लिमेंटमध्ये -१ ना, मग -१ गुणिले -१ म्हणजे १ यायला पाहिजे, मला ९ येतंय. कुठली वायर चुकली असेल?

जुना_सोल्डर

तुझी वायर चुकलेली नाही, ही रचनाच बिनचिन्हाच्या आकड्यांसाठी आहे, तिच्या लेखी 11 म्हणजे तीनच. साइन्ड गुणाकारात वरच्या बिटचं वजन ऋण असतं, त्यामुळे A1B0 आणि A0B1 मिळवायच्या नसून वजा करायच्या असतात. वेगळा धागा काढ, इथे गोंधळ होईल.

ब्रेडबोर्डवाली, चारही इनपुट १ ठेव आणि दुसऱ्या 7408 च्या पिन १, २, ३ वर मीटर लाव.

ब्रेडबोर्डवाली

सापडलं!! पिन १ वर ३.६ व्होल्ट, पिन २ वर सरळ शून्य. A0B1 पहिल्या चिपच्या पिन ८ वर निघतंय, एक्सॉरला तिथूनच वायर गेलीये, पण कॅरीच्या अँडला जाणारी वायर मी मधली फट ओलांडून समोरच्या पिन ७ च्या रांगेत खोचली होती, आणि ७ म्हणजे ग्राउंड. वायर एक फट अलीकडे आणली आणि लगेच 1001 लागलं. आता सोळाच्या सोळा बरोबर.

एक शंका मात्र राहिली. कॅरी १ असतो तेव्हा A1B1 पण १ असतंच ना? मग P3 साठी शेवटचा अँड कशाला, कॅरीच थेट P3 ला दिला तर?

जुना_सोल्डर

बरोबर पकडलंस, 2×2 मध्ये चालतं. अँड सहाच्या ऐवजी पाच लागतील, चिपा तरी दोनच राहतात. पण मी जर्नलमध्ये अँड ठेवला असता, कारण तीन बिट गुणिले तीन बिट मल्टिप्लायरला ही सवलत नाही.

तारकुसर

मी काढूनच टाकला असता. जे गेट उत्तर कधी बदलतच नाही ते कशाला ठेवायचं.

ब्रेडबोर्डवाली

सध्या दोन्ही आकृत्या काढून ठेवते, प्रॅक्टिकलला मॅडमना विचारेन.