विषय: खरेदीखत गुरुवारी आहे, डीडी की बँकर्स चेक?

मंडळी, नमस्कार.
कोथरूडच्या फ्लॅटचे खरेदीखत गुरुवारी नोंदवायचे आहे आणि विक्रेत्या काकू बँकर्स चेकच हवा, डीडी चालणार नाही, असे म्हणतात. पैसे माझ्या ठाण्याच्या शाखेतील एनआरओ खात्यात आहेत आणि सही धाकटा भाऊ मुखत्यार म्हणून करणार आहे. काय करावे?
— मिलिंद

मिलिंद, कोअर बँकिंग आल्यापासून दोन्ही एकच झाले आहे. सरळ डीडी काढ, काकूंना समजेल.
— सुलभा

सुलभाताई, वटण्यापुरते आपले म्हणणे बरोबर आहे, पण घेणाऱ्याच्या मनातली शंका त्याने जात नाही. बँकर्स चेक, म्हणजे आपली जुनी पे ऑर्डर, शाखा स्वतःवरच काढते आणि तो त्याच शहरात वटवायचा असतो. डीडी एक शाखा दुसरीवर काढते. त्यामुळे काकूंना पुण्याच्या शाखेचा कागद हवा असणार, कारण तो खरा आहे की नाही हे त्या तिथे जाऊन पडताळू शकतात.

मिलिंद, भावाने तुझ्या बँकेच्या पुण्यातील शाखेत तुझा सही केलेला चेक आणि अर्ज घेऊन जावे. बँकर्स चेक खातेदाराच्या मूळ शाखेबाहेर देतात का, हे मात्र आजच फोनवर विचार. नाही म्हणाले, तर ठाण्याहून पुण्यात देय असा डीडी काढ. खरी अडचण निराळीच आहे: नोंदणीसाठी केलेले मुखत्यारपत्र बँकेच्या दप्तरी नोंदलेले नसेल, तर भावाच्या सहीवर तुझ्या खात्यातून काहीही निघणार नाही. काकूंचे नाव त्यांच्या बँक खात्याप्रमाणे अक्षरन् अक्षर लिही. दोन्ही कागदांची मुदत तारखेपासून ३ महिनेच असते, म्हणून व्यवहार लांबला तर मूळ कागद परत देऊन रक्कम खात्यात जमा करून घेता येते. तो काकूंच्या हाती गेल्यावर मात्र तुझ्या सांगण्यावरून बँक सहसा पैसे थांबवत नाही, हे त्यांनाही सांग.
— अविनाश

मी माझ्या मेव्हण्याला इथल्या बँकेचा कॅशियर्स चेक पाठवला होता. भारतात तो वसुलीसाठी गेला आणि पैसे जमा व्हायला सहा आठवडे लागले. तेव्हा काळजी घ्या.
— शरद

शरदराव, मिलिंदचे पैसे रुपयांत आणि भारतातच आहेत. हा प्रश्न तो नव्हे. मिलिंद, दोन लाखांहून अधिक रक्कम असेल तर आरटीजीएसच का नाही? यूटीआर क्रमांक खरेदीखतात लिहिता येतो.
— सुलभा

सुलभाताई, सहीआधी हाती कागद हवा, हाच काकूंचा आग्रह आहे. बँकेकडे मुखत्यारपत्र नोंदलेले नाही, असे आत्ताच कळले. चेकवर मी स्वतः सही केली आहे, पण तो कुरियरने गुरुवारपर्यंत पोहोचेल असे वाटत नाही. उद्या कोणी पुण्याला निघत आहे का?
— मिलिंद