मदत हवी आहे: तुरीचा कृषी सल्ला चार ओळींत कसा बसवू?

शिवारवाट: आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला मी टाकतो. पीडीएफ कुणी उघडत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. यावेळचा आशय असा: तूर ५० टक्के फुलोऱ्यात असताना ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पहिल्या फवारणीनंतर १५ दिवसांनी, शेंगा पोखरणारी अळी नुकसानीच्या पातळीवर गेली असल्यास, इमामेक्टीन बेंझोएट ५ टक्के एसजी, १० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम. शेवटी बारीक अक्षरात: प्रमाण साध्या पंपाचे, पॉवर पंपाला तिप्पट.

माझा मसुदा: "तुरीवर आता निंबोळी अर्क, १५ दिवसांनी इमामेक्टीन ७ ग्रॅम प्रति पंप." चालेल का?

काळीमाती: १६ लिटरला ७ ग्रॅम बरोबर. पण हल्ली सगळ्यांकडे बॅटरी पंप, तो पॉवरच झाला की. २१ लिहा.

बांधकरी: २१ अजिबात नको! तिप्पट का, ते बघा. साध्या पंपाने एकराला साधारण २०० लिटर पाणी लागतं, म्हणजे ८८ ग्रॅम औषध. पेट्रोलचा पॉवर पंप तेवढंच रान ६५-७० लिटरमध्ये उरकतो, म्हणून दर लिटरला औषध तिप्पट, एकरी मात्र तेवढंच. बॅटरी पंपाने लोक पाणी साध्याइतकंच मारतात. तिथं २१ टाकलं तर एकरी औषधही तिप्पट जाईल.

"प्रति पंप" तर काढूनच टाका. गावात १५, १६, २० लिटरचे सगळे पंप आहेत. "१० लिटरला ४.४ ग्रॅम, एकरी ८८" लिहा.

दुसरं, "आता" म्हणजे कुणाचं आता? बीडीएन ७११ वाल्याच्या शेंगा भरत असतील तेव्हा बीएसएमआर ७३६ फुलातच असते. आणि "असल्यास" गाळलंत तर अळी नसली तरी लोक फवारणार.

माळरान: आमच्या हरभऱ्याला मर लागलीय, हेच औषध चालेल का?

बांधकरी: नाही हो, हे अळीचं, मर बुरशीमुळे येते. वेगळा धागा काढा.

शिवारवाट: मग असं: "तूर ५० टक्के फुलोऱ्यात असेल तरच: ५ टक्के निंबोळी अर्क. त्या फवारणीनंतर १५ दिवसांनी झाडं तपासा. अळी नुकसानीच्या पातळीवर असेल तरच इमामेक्टीन ५ टक्के एसजी, १० लिटरला ४.४ ग्रॅम, एकरी ८८. बॅटरी पंपालाही हेच, पेट्रोलच्या पॉवर पंपाला दर लिटरला तिप्पट, एकरी मात्र तेवढंच." पण पातळी म्हणजे किती, ते पत्रकात नाही.

काळीमाती: कामगंध सापळ्यात सलग २-३ दिवस रोज ८-१० पतंग. टाका की.

बांधकरी: आकडा ऐकीव नाही, पण पत्रकाचाही नाही. त्यांच्या नावाखाली नको. ८८ सुद्धा आपला हिशोब आहे, तसं लिहा.

काळीमाती: मग आकड्याविना शेतकऱ्यानं ओळखायचं कसं?