मी युनियनचा सभासद नाही, तरी वेतनकरार मला लागू कसा?

चाकण_सेकंड_शिफ्ट: आमच्या कारखान्यात २०२४ मध्ये युनियन आणि मॅनेजमेंटचा तीन वर्षांचा करार झाला. पगारवाढ ८,५०० रुपये, पण पाळीतलं उत्पादन ४० नगांवरून ४६ वर. मी सभासद नाही, कुठेही सही केलेली नाही. फरकाच्या रकमेतून युनियनने वर्गणीही कापून घेतली. हा करार मला बांधील आहे का?

कायद्याने_बोला: नाही. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर न झालेला करार औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १८(१) खाली येतो आणि तो फक्त सह्या करणाऱ्या पक्षांना लागतो. तुमचं प्रतिनिधित्व तुम्ही कुणाला दिलंच नाही, तर तुमच्या वतीने ४६ नग कबूल करण्याचा अधिकार त्यांना आला कुठून?

जुना_फिटर: मग वाढ पण घेऊ नका. गेटसभेला यायचं नाही, वर्गणी द्यायची नाही आणि फरक जमा झाला की बँकेत पहिला नंबर. वाढ आणि उत्पादन एकाच कागदावर ठरलंय, त्यातलं गोड तेवढं वेचता येत नाही.

लेबर_कोर्टाच्या_पायऱ्या: कायद्याने_बोला, तुम्ही सांगितलेला नियम मूळ औद्योगिक विवाद कायद्यातला आहे. महाराष्ट्राने त्याच १८(१) ला जोड दिली आहे: कारखान्यात मान्यताप्राप्त युनियन असेल तर करार तिच्याशीच करायचा, आणि तो सगळ्या कामगारांना लागू, नंतर भरती झालेल्यांनासुद्धा. बडतर्फी, कामगारकपात, निलंबन असे विषय मात्र त्यातून वगळलेत.

इथे ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे नुसती नोंदणी झालेली नव्हे. नोंदणी ट्रेड युनियन रजिस्ट्रार करतो, मान्यतेचं प्रमाणपत्र राज्याच्या १९७१ च्या युनियन मान्यतेच्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालय देतं. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के सभासद लागतात. गेटवरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक बघून लोक तिलाच मान्यता समजतात आणि तिथेच घोळ होतो.

तेव्हा कराराचं पहिलं आणि शेवटचं पान काढा. ‘१२(३) सह १८(३)’ लिहिलंय आणि समेट अधिकाऱ्याची सही आहे, तर बहुतेक विषय मिटला. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये रामनगर केन अँड शुगरच्या प्रकरणात हेच सांगितलं. एका युनियनने समेटात करार केला, दुसरीने संप केला. करार दुसरीच्या सभासदांनाही बांधील धरला आणि संप बेकायदा ठरला. मात्र बाहेर ठरलेल्या कागदावर अधिकाऱ्याने नुसता शिक्का मारून भागत नाही. समेट चालू असताना, त्याच्या मदतीने आणि संमतीने करार व्हायला हवा.

‘२(प) सह १८(१)’ म्हणजे समेटाबाहेरचा करार असेल तर मान्यतेचं प्रमाणपत्र आहे का विचारा. नसेल तर करार तुमच्यावर आपोआप येत नाही. पण अशा वेळी फरक देताना कंपनी एक संमतीपत्र पुढे करते, ‘करारातील सर्व अटी मान्य आहेत’. त्यावर सही केलीत की तुम्ही स्वतःच बांधले गेलात.

कंत्राटी_५_वर्षं: आम्ही त्याच लाइनवर तेच काम करतो, कंत्राटदाराकडून. आमचा टार्गेटही वाढवला, पगार मात्र तेवढाच. मग करार सगळ्यांना म्हणजे आम्हालाही ना?

लेबर_कोर्टाच्या_पायऱ्या: तुमचा प्रश्न वेगळा आहे. इथे मुद्दा कंपनीच्या हजेरीपटावरच्या बिगर-सभासदाचा आहे. तुमचा मालक कागदोपत्री कंत्राटदार, त्यामुळे करारात तुमचा उल्लेख नसेल तर त्याच्या जोरावर पगार मागणं कठीण. आधी ते कंत्राट खरं की नावापुरतं, हे तपासावं लागेल. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

कायद्याने_बोला: राज्याची दुरुस्ती मान्य. पण ३० टक्क्यांच्या युनियनने ७० टक्क्यांचं उत्पादन ठरवावं हे मला अजिबात पटत नाही. वाढ कुणी नाकारत नाही, पण पाठदुखी तर प्रत्येकाची स्वतःची.

जुना_फिटर: ३० ही किमान अट आहे. दुसऱ्या युनियनने जास्त सभासद जमवावेत आणि तिच्या जागी मान्यता मागावी, कायद्यात सोय आहे. प्रत्येकाशी वेगळा करार करायचा म्हटलं तर मॅनेजमेंटला हवंच आहे ते. एकेकाला केबिनमध्ये बोलावतील.

लेबर_कोर्टाच्या_पायऱ्या: वर्गणीचं राहिलं. करार लागू असला तरी पगारातून युनियनची वर्गणी कापायला तुमची लेखी संमती लागते. ती दिली नसेल तर मॅनेजमेंटला लेखी विचारा, कारण कपात पगारपत्रकावर त्यांनी केली आहे.

चाकण_सेकंड_शिफ्ट: पान पाहिलं. ‘२(प) सह १८(१)’ आहे. समेट अधिकाऱ्याची सही नाही. मान्यतेबद्दल एक ओळही नाही, वर फक्त नोंदणी क्रमांक. पण फरकाच्या वेळी एका छापील कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या, वर काय होतं ते वाचलं नाही.

लेबर_कोर्टाच्या_पायऱ्या: त्या कागदाची प्रत एचआरकडे अर्ज करून मागा, पोच घ्या. नुसती रक्कम मिळाल्याची पावती असेल तर एक गोष्ट, ‘अटी मान्य’ असेल तर दुसरी.

कायद्याने_बोला: आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आली, त्यात ५१ टक्क्यांची वाटाघाटी युनियन आहे. राज्याच्या १९७१ च्या कायद्याशी तिचा मेळ कसा बसणार?

लेबर_कोर्टाच्या_पायऱ्या: त्यावर कोर्टात वाद होणार हे नक्की. यांचा करार २०२४ चा, म्हणून आधी तो कागद बघू.