मदत हवी आहे: डिस्प्ले बदलल्यापासून फिंगरप्रिंट घेत नाही, की पावसामुळे?

बर्डीवाली
नमस्कार मंडळी, जूनमध्ये माझा फोन स्कूटीच्या डिकीतून काढताना सरळ गट्टूवर पालथा पडला आणि डिस्प्ले गेला. बर्डीवर एका दुकानात नवीन टाकून घेतला, वर टेम्पर्ड ग्लास पण लावली. सेन्सर स्क्रीनच्या आतलाच आहे, बोट ठेवलं की खालून हिरवट गोल उजेड लागतो तो. पहिले आठ-दहा दिवस दोनातून एकदा तरी उघडायचा, पण पाऊस लागल्यापासून दहातून एखादवेळी, बाकी नुसतं थरथरतो आणि पिन मागतो. तीनदा ठसा नव्याने टाकला. दुकानवाला म्हणतो दमटपणामुळे होतं, ताई. खरंच का, की डुप्लिकेट पॅनल मारला त्याने?

रामटेककर
सॉफ्टवेअर अपडेट करा आणि नाही झालं तर फॅक्टरी रिसेट मारा. माझा असाच सुधरला होता.

मोबाइल_मिस्त्री
रिसेट नका मारू हो, फुकटचा डेटा जाईल. ताई, आधी एक सांगा, ठसा टाकताना पूर्ण होतो की मधेच अडकतो? मधेच अडकत असेल तर भानगड पॅनलची नाहीतर सेन्सरची. पूर्ण होत असेल आणि नंतर ओळखत नसेल तर ग्लास, ओलं बोट किंवा टाकायची पद्धत.
रात्री लाइट बंद करून एक पूर्ण काळा फोटो उघडा, ब्राइटनेस फुल. स्क्रीन राखाडी चमकली तर एलसीडी टाकलाय, त्याच्या मागे बॅकलाइटचा थर असतो त्यामुळे उजेड खालच्या सेन्सरपर्यंत जातच नाही, मग कितीही ठसे टाका. काळीकुट्ट राहिली तर ओएलईडी आहे, पण तो ओरिजिनलच आहे असं यावरून समजू नका, कॉपी ओएलईडी पण मिळतात.

काकाजी_धरमपेठ
माझ्या जुन्या आयफोनचं बटण पण डिस्प्ले बदलल्यावर बोट घेईना, नवीन बटण टाकलं तरी नाही. काहून असं?

मोबाइल_मिस्त्री
काकाजी, तुमचं वेगळं. ते बटण मदरबोर्डशी जोडी लावलेलं असतं, जुनंच बटण नवीन डिस्प्लेवर चढवायला पाहिजे होतं.

बर्डीवाली
ठसा पूर्ण होतो. काळ्या फोटोची टेस्ट केली, अगदी काळा दिसला. म्हणजे एलसीडी नाही ना बाप्पा.

मोबाइल_मिस्त्री
नाही. आता असं करा. पिन नक्की आठवतो ना ते आधी बघा, मग जुने सगळे ठसे डिलीट करा, त्यातला एखादा जुन्या काचेतून घेतलेला असेल तर तो फक्त अडचण करतो. टेम्पर्ड ग्लास काढा, कोरड्या मऊ कपड्याने ती जागा पुसा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि पाच मिनिटं थांबा, धुतल्या धुतल्या बोट फुगलेलं असतं. उन्हात किंवा खिडकीत बसू नका, सेन्सर उजेडावरच चालतो. अंगठा रोज फोन उघडता तसाच ठेवा, टेबलावर फोन ठेवून सरळ बोट नको, तिथेच बहुतेकांचं चुकतं. नंतर टोक आणि दोन्ही कडा पण द्या. तोच अंगठा दुसऱ्यांदा वेगळा ठसा म्हणून टाका, तो एखाद्या दमट दिवशी, घाम नुसता पुसून.
दमटपणाचं खोटं नाही. बोटावरच्या रेघांमधल्या खाचा घामाने भरल्या की रेघ आणि खाच सारखीच दिसते. मे महिन्यात आपल्याकडे उलट, कातडी इतकी कोरडी होते की रेघ काचेला नीट टेकतच नाही. एकाच ऋतूतला ठसा वर्षभर चालेलच असं नाही.

विदर्भी_बाई
आणि हो, नवीन ठसा टाकला की बँकेचं ॲप अंगठ्याने उघडणं बंद करून पासवर्ड किंवा एमपिन मागू शकतं, घाबरू नका. मी भाजीवाल्यासमोर पाच मिनिटं उभी होते.

बर्डीवाली
अपडेट: ग्लास काढून सांगितल्यासारखं केलं. काल दिवसभर दहातून आठ वेळा उघडला! आज सकाळी कूलर सुरू असलेल्या खोलीत परत नाटकं, ओल्या हवेत कूलर चालवणारे आम्हीच म्हणा. अंगठा ओढणीला पुसला की दुसऱ्यांदा उघडतो. पण ग्लास परत लावायची हिंमत होत नाही आता.

मोबाइल_मिस्त्री
जाड ग्लास नका लावू, गोंदाचा बुडबुडा सेन्सरवर आला तर परत तेच. पातळ फिल्म लावा, आणि ती लावल्यावर ठसे पुन्हा टाका. एक राहिलं, पॅनल बदलल्यावर सेन्सरचं कॅलिब्रेशन करायला लागतं. काही मॉडेलमध्ये सर्व्हिस मेनूतून सेन्सरवर रबराचा ठोकळा ठेवून करतात. दुकानवाल्याने केलं का, विचारा.

बर्डीवाली
विचारलं. म्हणे “ते काय असते, ताई?”

रामटेककर
मी तर म्हणतो रिसेट मारूनच बघा एकदा.