बीक्यूपीतल्या 'बाउंडेड एरर'ला काय म्हणावं?

अनुवादिनी: क्वांटम संगणनावरचा एक लेख मराठीत आणतेय. बीक्यूपी म्हणजे क्वांटम संगणक वाजवी वेळात सोडवू शकतो अशा हो-नाहीच्या प्रश्नांचा वर्ग. त्याच्या व्याख्येतल्या 'बाउंडेड एरर'ला मी 'मर्यादित चूक' लिहिलं. संपादक म्हणतात, 'अल्प चूक' करा. पण व्याख्येप्रमाणे हो-नाहीचं उत्तर तीनदा विचारलं तर सरासरी एकदा चुकलेलं चालतं. हे अल्प कसं?

गोदाकाठ: गणितात 'परिबद्ध' म्हणतात. तोच वापरा, उगाच सोपं करू नका.

पायथागोरस_पुणेकर: 'परिबद्ध' वाचून कुणाला काय कळणार? 'अल्प' मात्र साफ चूक. मुद्दा लहान-मोठ्याचा नाही, चूक निम्म्यापासून किती लांब आहे याचा आहे. एका खेपेला चुकण्याची शक्यता १/३ असेल, तर तीन खेपा करून बहुमत घ्या, ती ७/२७ वर येते. खेपा वाढवा, ती झपाट्याने उतरते. पण प्रश्न लांबत जाईल तसतशी चूक निम्म्याला चिकटत गेली, तर बहुमत कळायलाच अफाट खेपा लागतील. तशी मुभा दिली की पीपी हा बराच मोठा समजला जाणारा वर्ग होतो. बीक्यूपी त्याच्या आतच बसतो, म्हणून 'बाउंडेड' हा शब्द महत्त्वाचा.

रानवारा: एवढा कीस कशाला? क्वांटम संगणक सगळ्या शक्यता एकदम तपासतो, म्हणजे एनपीतली, उत्तर दिलं तर झटपट पडताळता येणारी, सगळी कोडी सुटली!

पायथागोरस_पुणेकर: एकदम तपासणं अर्धं खरं आहे. मोजमाप केल्यावर हाती एकच उत्तर लागतं, आणि बरोबर उत्तराचं पारडं जड करायला प्रश्नाची घडण उपयोगी पडावी लागते. नुसत्या आंधळ्या शोधात, दहा लाख कप्प्यांतून एक हुडकायला ग्रोव्हरच्या १९९६ च्या रीतीने साधारण हजारभर वेळा डोकवावं लागतं. फायदा मोठा आहे, पण वर्गमुळाइतकाच. एनपी बीक्यूपीत बसतो का, हे सिद्ध झालेलं नाही. बसत नाही, हेही नाही.

आजोबा_सोलापूर: पण मूळ संख्या ओळखणं २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत साध्या संगणकासाठीच सुटलं ना? नातवाला मी तेच सांगितलं. मग क्वांटम कशाला?

पायथागोरस_पुणेकर: आजोबा, ते फक्त 'मूळ आहे का' एवढंच सांगतं. ९१ मूळ नाही हे कळलं, तरी ७ आणि १३ हाती येत नाहीत. '९१ ला १ सोडून १० पेक्षा लहान अवयव आहे का?' अशा धर्तीचे प्रश्न शॉरच्या १९९४ च्या रीतीमुळे बीक्यूपीत येतात. साध्या संगणकाला मोठ्या संख्यांसाठी ते झटपट जमणारच नाही, हे मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही.

अनुवादिनी: मग 'निम्म्याहून ठरावीक अंतर राखलेली चूक' लिहू?

गोदाकाठ: ही संज्ञा नाही, वाक्य झालं. आणि 'चूक' नको, 'त्रुटी' हवं.

रानवारा: त्रुटी म्हणजे उणीव. इथे उत्तरच चुकतंय.