स्टीलच्या डब्यात माझंच प्रतिबिंब! फोटो साफ करायला मदत हवी आहे

मृणाल_लालबाग

नमस्कार मंडळी. काळबादेवीला कंसारा चाळीजवळ माझ्या काकांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. दिवाळीआधी माल ऑनलाइन विकायला ठेवायचा म्हणून मी दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून फोटो काढले. भावाचा डीएसएलआर, ५० मिमी लेन्स, टेबलावर पांढरा कागद आणि समोर साधारण दोन फुटांवर मी. ज्या पोर्टलवर टाकायचे होते तिथून १६ फोटो परत आले, कारण ‘वस्तूत व्यक्ती दिसते आहे’.

आणि दिसतेच आहे. उभ्या डब्यात मी काडीसारखी बारीक झाले आहे, पण उंचीला डोक्यापासून छातीपर्यंत अख्खी. लाल कुर्ता, डोळ्याला लावलेला कॅमेरा, मागे भिंत. कळशीच्या पोटात तर मी, ट्यूबलाइट आणि कोपऱ्यातली शिडी असं सगळंच आलं आहे.

सोळांपैकी ११ डबे आहेत आणि ५ कळश्या. डबे एका लग्नाच्या ऑर्डरमध्ये गेले, त्या मापाचे पुन्हा दिवाळीनंतरच येतील. त्यामुळे डब्यांचे आहेत तेच फोटो सुधारायचे आहेत. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश फिरवला तर कुर्ता जातो, पण त्या जागी काजळ पुसल्यासारखा डाग राहतो आणि डब्याची कड विरघळते. शिवाय सगळ्या फोटोंत वर उजवीकडे एक करडा ठिपका आहे. भांडी पुसूनच ठेवली होती, तरी. कुठे चुकतंय?

अण्णा_गिरगाव

मुली, स्टीलवर डाग राहतात ते पाणी सुकल्यामुळे. आपल्याकडे भांडं विसळून उपडं घातलं की तासाभरात ठिपके उमटतात. थोडं व्हिनेगर लावून धू आणि पाणी सुकायच्या आत मऊ सुती कापडाने कोरडं कर. रांगोळीने घासू नकोस, चरे पडतील.

मृणाल_लालबाग

अण्णा, डाग भांड्यावर नाहीत हो, फोटोत माझी सावली पडल्यासारखी दिसते ती काढायची आहे. पण कळश्या दुकानातच आहेत, त्या परत काढताना तुम्ही सांगितलं तसं नक्की करीन.

केदार_ठाणे

एवढी मेहनत कशाला? लेन्सवर पोलरायझर लावा आणि तो फिरवत राहा. एका जागी प्रतिबिंब गायब होतं. मी तलावपाळीला पाण्यातले मासे असेच काढले आहेत.

विनायक_कॅटलॉग

केदार, पाण्याच्या आणि काचेच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तिथून तिरपं परावर्तित होणारा प्रकाश बराचसा एकाच दिशेने कंप पावतो, म्हणून फिल्टर तो अडवतो. काचेला साधारण ५५ अंशांच्या तिरप्या कोनात हे उत्तम जमतं, अगदी समोरून नाही. उघड्या धातूवरून येणारा प्रकाश मात्र तसा होत नाही. स्टीलसमोर पोलरायझर कितीही फिरवा, मृणालचा कुर्ता तिथेच राहणार. दिव्यालाही पोलरायझिंग शीट लावली तर प्रतिबिंब मरतं, पण त्याबरोबर सगळी चकाकीही मरते आणि डबा काळपट पत्र्यासारखा दिसतो.

मृणालताई, आधी ठिपक्याचं. सगळ्या फोटोंत अगदी त्याच जागी आहे ना? मग तो भांड्यावर नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ बसली आहे. छिद्र लहान केलं, एफ-१६ वगैरे, की ती ठळक दिसते. रिकाम्या पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढून बघा, तिथेही तो असेल. फोटोंत तो सपाट पार्श्वभूमीवर आहे, तिथे हीलिंग ब्रशचा एक टिचका पुरे.

आता मुख्य गोष्ट. स्टीलला स्वतःचा असा रंग फारसा नसतो. समोर जे असेल तेच त्याचं रूप. म्हणून तुमचं प्रतिबिंब ‘पुसलं’ की खाली काहीच उरत नाही, तिथे डब्याने काय दाखवायला हवं होतं ते आपण भरावं लागतं. हीलिंग ब्रश शेजारचे रंग ओढून मिसळतो. शेजारी डब्याची गडद कड असेल तर तीच आत ओढली जाते. ते तुमचं काजळ.

सरळ उभ्या डब्यात एक सोय आहे. त्याच्यावर उजेड-अंधाराचे पट्टे उभे असतात आणि वरपासून खालपर्यंत जवळपास तसेच जातात. तुमच्या डोक्याच्या वर, झाकणाखाली, फक्त भिंत दिसणारी स्वच्छ जागा आहे का?

मृणाल_लालबाग

हो, दीड-दोन इंच आहे. झाकणाची सावली सोडून.

विनायक_कॅटलॉग

मग काम झालं म्हणा. फाइल आधी १६ बिटमध्ये घ्या, नाहीतर शेवटी पट्टे-पट्टे दिसतात. पेन टूलने डब्याच्या अंगाचा पाथ काढा आणि तो सिलेक्शन म्हणून जपून ठेवा. कड विरघळते आहे ती याच्यामुळे थांबेल.

त्या स्वच्छ जागेतून डब्याच्या पूर्ण रुंदीची, फक्त २० पिक्सेल उंचीची आडवी पट्टी निवडा. `Ctrl+J` ने तिचा वेगळा लेयर होतो. मग `Ctrl+T` घेऊन खालचा मधला हँडल डब्याच्या बुडापर्यंत ओढा. नव्या आवृत्तीत शिफ्ट दाबून ओढायचं, नाहीतर पट्टी रुंदीलाही फुगते. डबा खाली किंचित निमुळता दिसत असेल तर तेवढं पर्स्पेक्टिव्हने जुळवा.

आता डबा एकदम गुळगुळीत, प्लास्टिकचा वाटेल. घाबरू नका. लेयरला काळा मास्क लावा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने जिथे तुम्ही दिसता तेवढाच मधला भाग उघडा. दोन्ही बाजूंचं खरं स्टील तसंच राहू द्या. बुडाजवळचा शेवटचा बोटभर भागही उघडू नका. तिथे टेबलाच्या कागदाचं प्रतिबिंब आहे, ते गेलं की डबा हवेत तरंगतो. शेवटी त्या लेयरवर `Add Noise`, एक टक्क्याच्या आसपास, `Monochromatic` वर खूण करून. शंभर टक्के झूमवर आजूबाजूच्या दाण्याशी जुळेपर्यंत कमी-जास्त करा.

कुर्त्याची लाली झाकणाच्या काठावरही उतरली असेल. तिथे `Hue/Saturation` मध्ये फक्त `Reds` निवडून सॅच्युरेशन खाली आणा, तेही मास्कमध्येच. सगळा डबा बेरंग करू नका. स्टीलमध्ये खोलीचा थोडा रंग असतो, तो पूर्ण गेला की चित्र काढल्यासारखं दिसतं.

केदार_ठाणे

धातूचं मला ठाऊक नव्हतं, धन्यवाद. पण एवढं करण्यापेक्षा डब्याची चांगली अर्धी बाजू कॉपी करून उलटी चिकटवली तर? डबा दोन्हीकडून सारखाच.

विनायक_कॅटलॉग

कधी कधी करतो मी. पण मृणालताई तर बरोब्बर मध्यात आहेत, अर्धी प्रत्येक बाजूला. आणि खिडकी एकाच बाजूला असेल तर दोन्हीकडे खिडक्या दिसतील.

मृणाल_लालबाग

त्यात अजून एक अडचण आहे. तीन डब्यांवर नमुना म्हणून नाव घातलं आहे, मशीनने ठिपक्या-ठिपक्यांचं. उलटं केलं तर अक्षरंही उलटी होतील. आणि नाव नेमकं माझ्या कुर्त्यावर आलं आहे. पट्टी ओढली की नावच झाकलं जातंय!

विनायक_कॅटलॉग

नाव पांढरट आहे ना? मग मूळ फोटोतला फक्त नावाचा चौकोन कॉपी करून सगळ्यात वर ठेवा आणि त्या लेयरचा मोड `Lighten` करा. कुर्ता खालच्या पट्टीपेक्षा गडद आहे म्हणून तो दिसेनासा होतो, अक्षरं उजळ आहेत म्हणून ती राहतात. जिथे पट्टीच खूप उजळ आहे तिथे एखादं अक्षर बुडेल, तेवढं हाताने करावं लागेल.

सुगंधा_पार्ले

मी काचेच्या बाटल्यांतून घाण्याचं तेल विकते. माझी तऱ्हा वेगळी आहे. बाहेरची धूळ काढता येते, पण आतल्या बाजूला चिकटलेलं तूस फोटोत काढताना मागचं लेबल वाकतं. तिथे `Dust & Scratches` लावलं तर लेबलावरची बारीक अक्षरंही गेली.

विनायक_कॅटलॉग

सुगंधाताई, तो फिल्टर सगळ्या फोटोवर लावू नका. लेयरची कॉपी करून तिच्यावर लावा, काळ्या मास्कने झाका आणि जिथे तूस आहे तेवढंच उघडा. अक्षरांवर पडलेलं तूस मात्र क्लोन स्टँपने, शंभर टक्के झूम करून. पुढच्या वेळी तेल भरायच्या आधी बाटली आतून कोरडी करून उजेडासमोर धरून बघा. फोटोतली दहा मिनिटं तिथे वाचतात.

अण्णा_गिरगाव

एक विचारू का? डब्याला पोचा असेल तर तोही काढता का तुम्ही लोक?

विनायक_कॅटलॉग

मी काढत नाही. धूळ, बोटांचे ठसे, फोटो काढणारा, हे वस्तूचे भाग नाहीत. पोचा किंवा चरा त्या नगात आहे.

केदार_ठाणे

पण जो नग जाणार आहे तो वेगळाच असतो ना? फोटोतल्या नगाला पोचा होता म्हणून सगळ्या मालाला का दाखवायचा? मी तरी काढीन.

मृणाल_लालबाग

काका म्हणतात पोचा असलेला नग फोटोलाच घेऊ नये. ते त्यांच्या परीने बरोबर आहे, पण जे विकून झाले त्यातल्या एकाला बुडाशी चरा आहे, त्याचं मी अजून ठरवलेलं नाही.

बाकी कळवायचं म्हणजे अकरापैकी नऊ डबे झाले! पहिल्याला दोन तास लागले, शेवटच्याला वीस मिनिटं. नावाचे दोन जमले. तिसऱ्यात नेमकी खिडकीची चकाकी आहे, तिथे दोन अक्षरं गेली. आता कळश्या. त्यांच्यावर पट्टी ओढून पाहिली, तर पोट सपाट होतं.

विनायक_कॅटलॉग

होणारच. गोल पोटावर पट्टे वाकतात, तिथे ही युक्ती चालत नाही. कळश्या दुकानात आहेत तर परत काढा.

डबा परत काढायची वेळ आली तर कॅमेरा झाकणाच्या वर न्या आणि किंचित खाली बघा. डब्याची उभी बाजू मग तुम्हाला न दाखवता समोरचा टेबल दाखवते. कागद पुढे तुमच्यापर्यंत पसरलेला असला की डबा आपोआप स्वच्छ येतो. कळशीला मात्र सुटका नाही. कुठूनही बघा, तिच्या पोटावरचा एक बिंदू नेमका तुमच्याकडे तोंड करून असतोच.

म्हणून तिथे स्वतःला लहान करायचं. दोन फुटांऐवजी सहा फुटांवर जा, मिळाली तर ८५ किंवा १०० ची लेन्स घ्या. कॅमेऱ्यापुढे मोठा पांढरा कार्डशीट उभा करा आणि त्याला लेन्सच्या तोंडाएवढंच भोक पाडा. उजेड बाजूने, ट्रेसिंग पेपरमधून येऊ द्या. मग पोटात मृणालताईंऐवजी एक काळा ठिपका उरेल, आणि त्याच्या चहूबाजूंना पांढरं असल्यामुळे हीलिंग ब्रश तिथे छान चालतो. सगळंच पांढरं झालं तर कळशी चपटी दिसेल, म्हणून दोन्ही बाजूंना फोटोच्या चौकटीबाहेर काळ्या कार्डाची एकेक पट्टी उभी करा. तिने कडा उठतात.

मृणाल_लालबाग

पोटमाळ्यावर सहा फूट मागे जायला जागा नाही, चार फुटांतच भिंत लागते. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा खाली काउंटरसमोर मांडते. कार्डशीट आणि काळी कार्डं उद्याच आणते. आणि या वेळी लाल कुर्ता नाही.